इअरबड्सचा गेमिंग मोड: लॅग कमी झाला, पण त्याची किंमत कुठे मोजली (माझा अनुभव)

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. रोज रात्री जेवणं झाली की मी आणि माझा चुलतभाऊ, तो कळंब्याला असतो, दोन तरी मॅच खेळतोच. चार महिन्यांपूर्वी वायरवाला इअरफोन तुटला म्हणून मी राजारामपुरीतनं वायरलेस इअरबड्स घेतले. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "४५ एमएस लो लेटन्सी गेमिंग मोड" असं लिहिलं होतं, म्हणजे आवाजाला फक्त ४५ मिलिसेकंद उशीर, आणि खरं सांगायचं तर तेच बघून घेतले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढं जे काय झालं ते बहुतेक सगळ्याच बड्समध्ये होतं हे मला नंतर कळलं.

पहिल्या रात्री गेमिंग मोड लावायचं ध्यानात नव्हतं. फायरचं बटण दाबलं की गोळी सुटलेली दिसायची आणि आवाज मागनं यायचा, साधारण पाव सेकंदानं. व्हिडिओ बघताना मात्र ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते, त्यामुळं मला वाटलं गेमच खराब चाललाय. पण त्याचं कारण वेगळं आहे. आवाजाला किती उशीर होणार हे फोनला साधारण माहीत असतं, म्हणून व्हिडिओचा प्लेअर चित्रच तेवढं मागं धरतो आणि दोन्ही एकत्र दाखवतो. गेममध्ये चित्र मागं धरून चालत नाही, बोट दाबलं की लगेच दिसायला पाहिजे, म्हणून तिथं उशीर उघडा पडतो.

मग डाव्या बडवर तीनदा टॅप करून गेमिंग मोड लावला आणि फरक लगेच जाणवला, आवाज बोटाला चिकटल्यासारखा झाला. पण दुसऱ्या-तिसऱ्या मॅचपासून आवाज तुटायला लागला, मधेच कट् कट् व्हायचं, कधी उजवा बड अर्धा सेकंद गप्प. भाऊ म्हणाला, "दादा, पीस फॉल्टी आलाय, बदलून घे लगा." दुकानदारानं काही खळखळ न करता बदलून दिला. नवीन पीस घरी आणला, गेमिंग मोड लावला, तर परत तेच. दोन्ही पीस सारखेच खराब असतील हे काही मला पटेना.

तेव्हा ठरवलं की आधी मोजायचं. पद्धत सोपी आहे, कुणालाही घरी करता येईल. फोनवर पियानोचं साधं ॲप उघडलं, एक बड लॅपटॉपच्या माईकला अगदी टेकवून ठेवला, लॅपटॉपवर ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोनच्या काचेवर नखानं टक् करून पियानोची पट्टी दाबली. रेकॉर्डिंग मोठं करून बघितलं की दोन उंचवटे दिसतात, पहिला नखाच्या टक्चा, दुसरा बडमधनं आलेल्या सुराचा, आणि त्या दोघांतलं अंतर म्हणजे एकूण उशीर. प्रत्येक वेळी दहा टॅप घेऊन सरासरी काढली, कारण एकेक टॅप दहा-वीस एमएसनं मागंपुढं होतोच.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर अंतर आलं ९५ एमएस. म्हणजे ब्लूटूथ नसतानाही टच ओळखणं, ॲपनं सूर वाजवणं, फोननं तो बाहेर काढणं यात एवढा वेळ जातोच. बड्स साध्या मोडमध्ये ३१० आणि गेमिंग मोडमध्ये १६५. स्पीकरचे ९५ वजा केले की ब्लूटूथनं वाढवलेला उशीर साध्या मोडमध्ये साधारण २१५ आणि गेमिंग मोडमध्ये ७०. बॉक्सवरचे ४५ कुठंच आले नाहीत, कारण तो आकडा फक्त ब्लूटूथच्या टप्प्याचा आणि तोही अगदी चांगल्या परिस्थितीतला असतो, आपल्या बोटापासनं कानापर्यंतचा नसतो. तरीपण १४५ एमएस कमी झाले हे खरंच आहे आणि खेळताना ते स्पष्ट कळतं, त्यामुळं मोड नुसता नावाला आहे असं मी म्हणणार नाही.

आता हे १४५ वाचले कुठनं? इथंच सगळा विषय आहे. आपल्याकडं पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून गच्चीवर टाकी असते. नळाचं पाणी तासभर गेलं तरी टाकी भरलेली असली की खाली कुणाला कळत नाही. पण टाकीत आत्ता पडलेलं पाणी लगेच तोटीला येत नाही, आधीचं संपल्यावर येतं. बडच्या आत अशीच आवाजाची छोटी टाकी असते, बफर म्हणतात तिला. फोनकडनं आवाजाचे तुकडे येतात, टाकीत साठतात आणि मागनं वाजत राहतात. एखादा तुकडा हवेत हरवला तर बडकडनं पोच जात नाही, मग फोन तोच परत पाठवतो, आणि टाकी मोठी असेल तर तो परत यायला भरपूर वेळ मिळतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. गेमिंग मोडमध्ये टाकीची बादली होते. तुकडा परत पाठवेपर्यंत त्याची वाजायची वेळच टळून जाते, तिथं भोक पडतं आणि तेच आपल्याला कट् म्हणून ऐकू येतं. म्हणजे तुकडे साध्या मोडमध्येही हरवतच होते, फक्त कळत नव्हते. माझा पहिला पीस फॉल्टी नव्हताच.

मग तुकडे एवढे हरवतात का, हे शोधायला लागलो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तिथले ७९ चॅनेल सेकंदाला जास्तीत जास्त १६०० वेळा बदलत उड्या मारतं आणि जे चॅनेल गजबजलेले असतील ते टाळतंसुद्धा. पण जुन्या पट्ट्यावरचा वायफायही तिथंच बसतो, आणि एकेक वायफाय साधारण वीस चॅनेलएवढी जागा अडवतो. आमच्या पेठेत घराला घर लागून, फोनवर वायफायची यादी उघडली तर चौदा नावं दिसतात, त्यातली बहुतेक २.४ वरचीच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझा फोनच त्या २.४ वर होता. गेमचं इंटरनेट आणि बड्सचा आवाज एकाच पट्ट्यात एकाच फोनमधनं जाणार, म्हणजे फोनला दोघांना आळीपाळीनं वेळ द्यावा लागतो, आणि गेम तर सारखा डेटा पाठवत असतो.

राउटरला ५ गिगाहर्ट्झचं दुसरं नाव होतं, नावाच्या शेवटी 5G लिहिलेलं, मी कधी वापरलंच नव्हतं. त्याच खुर्चीत बसून, त्याच वेळेला, पंधरा-पंधरा मिनिटं खेळून तुटण्या मोजल्या, प्रत्येक तुटणीला भाऊ शेजारी बसून कागदावर रेघ मारत होता. २.४ वर गेमिंग मोडमध्ये २३ रेघा. ५ वर गेल्यावर ४. साधा मोड आणि २.४ असं केलं तर फक्त १. त्या चारातल्या तीन तर वहिनीनं आत मायक्रोवेव्ह लावला होता तेव्हाच्या आहेत, तोपण २.४ च्याच आसपास चालतो. ज्याच्याकडं गेमिंग मोडमध्ये आवाज तुटतोय त्यानं बड बदलायच्या आधी हे एक करून बघा, फोन ५ वर टाका. पण ५ चा वायफाय भिंतीपलीकडं लवकर मरतो, मागच्या खोलीत मला मिळत नाही, तिथं खेळायचं तर मोबाइल डेटा.

आता आवाजाच्या क्वालिटीचं. फोनच्या सेटिंगमध्ये `Build number` वर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात `Bluetooth audio codec` बघितलं, म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवायची पद्धत कोणती चाललीय ते. साध्या मोडमध्ये तिथं LDAC होतं आणि गेमिंग मोड लावल्या लावल्या ते SBC झालं, मी काही न बदलता. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाऊ शकतं, एसबीसी नेहमीच्या वरच्या सेटिंगला ३२८ च्या आसपास. हे बडनं मुद्दाम केलेलं असतं, कारण तुकडे लहान असले की हवेत कमी वेळ घेतात आणि हरवलेला परत पाठवायला थोडी तरी फट उरते. गेम खेळताना यातलं मला काही कळलं नाही, पावलं आणि गोळ्या तशाच. पण माझ्याकडं एक भजनाचं रेकॉर्डिंग आहे, त्यातले टाळ मी शंभरदा ऐकलेत. एलडॅकवर टाळ वाजल्यावर त्याचा नाद हळूहळू विरत जातो, शेवटपर्यंत ऐकू येतो. गेमिंग मोडमध्ये तोच टाळ च्छ् करून मिटतो, आणि चार टाळकरी एकदम वाजवायला लागले की सगळ्यांचा मिळून एक पत्र्यासारखा खरखराट होतो. मृदंगात आणि गाणाऱ्याच्या गळ्यात मला फरक सापडला नाही, जे काय जातं ते वरच्या बारीक आवाजात जातं.

आणि एक गोष्ट जी मला सगळ्यात उशिरा कळली. भावाशी बोलायला गेममधला माईक चालू केला की मागनं येणारी पावलं डावीकडनं की उजवीकडनं हेच कळेना, सगळं फोनवर बोलल्यासारखं मधोमध आणि कोंदट. याचा गेमिंग मोडशी काही संबंध नाही. बडचा माईक चालू झाला की साधं ब्लूटूथ गाण्याचा रस्ता सोडून कॉलच्या रस्त्यावर जातं, तिथं आवाज मोनो असतो आणि बहुतेक बड्समध्ये जास्तीत जास्त १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, म्हणजे ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही येतच नाही. एलडॅक असो नाहीतर एसबीसी, माईक चालू झाला की दोन्ही बाजूला पडतात. एलई ऑडिओ हा ब्लूटूथ आवाजाचा नवा प्रकार फोन आणि बड दोन्हीत असेल तर यातनं बरीच सुटका होते, अँड्रॉइड १३ पासनं त्याची सोय आहे, पण माझे बड त्याला चालत नाहीत. म्हणून आता बोलायची मॅच असली की मी टाइप-सीचा वायरवाला इअरफोन लावतो. तोही त्याच नखाच्या पद्धतीनं मोजला, १०० एमएस आला, म्हणजे जवळपास स्पीकरएवढाच. एकटा खेळतो तेव्हा बड, गेमिंग मोड आणि ५ चा वायफाय.

गेल्या रविवारी पहाटे रंकाळ्यावर फिरायला गेलो, फोन उजव्या खिशात, कानात तेच भजन. चौपाटीवर माणूस नाही, वायफाय नाही, आणि डावा बड सारखा तुटतोय. घरात भिंतींवरनं सिग्नल परतून दुसऱ्या कानापर्यंत पोचतो, इथं तळ्याकाठी परतायला काहीच नाही आणि मधे आपलं शरीर, ज्यातलं पाणी २.४ चा सिग्नल पिऊन टाकतं. तरी एवढं तुटायला नको होतं. मग आठवलं, रात्री खेळून गेमिंग मोड तसाच राहिला होता. उभा राहिलो, डाव्या बडवर तीनदा टॅप केलं, क्षणभर आवाज गेला आणि परत आला तेव्हा टाळ विरत विरत जाताना ऐकू येत होते. त्यानंतर पूर्ण फेरी होईपर्यंत एकदाही तुटलं नाही.