सकाळी गॉगल, दुपारी ऊन

"काका, अमेरिकेहून आलात की आठवडाभर पहाटे तळ्यावर फिरायला येत नाही. सकाळी पडदे ओढून बसता आणि भर उन्हाच्या वेळी गेटपाशी खुर्ची टाकता. हे काय खूळ काढलंय?"

खूळच म्हणा. पण एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी स्टेशनवर गॉगल बघून "डोळे आलेत का?" असं तरी कुणी विचारणार नाही.

भाचीच्या लग्नातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण अर्धीच. लग्नाच्या तीन दिवस आधी मी न्यू जर्सीहून, लेकीकडून आलो होतो. मे महिना. जो तो सांगत होता की इथल्या घड्याळाप्रमाणे वाग, पहाटे ऊठ, कोवळं ऊन घे, दोन दिवसांत गाडी रुळावर येते. मी मुकाट्यानं तेच केलं. पहाटे तळ्यावर गेलो. मग हारवाला, मंडपवाला, राहिलेल्या पत्रिका अशी कामं काढून बारा वाजेपर्यंत स्कूटरवर उन्हात हिंडलो.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त साडेबाराचा होता. अकराच्या सुमाराला मला थंडी वाजायला लागली. बाहेर सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन, कार्यालयाचे पंखे गरम वारा फेकताहेत, आणि माझ्या अंगावर काटा. ताप आला असेल म्हणून पाहुण्यांच्या खोलीत गेलो, गाद्यांच्या ढिगावरची एक चादर ओढली आणि पाच मिनिटं पडतो म्हणून पडलो. गुरुजींनी माइकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" असं दोनदा पुकारलं म्हणे. मी ऐकलंच नाही. शेवटी धाकट्या भावानं तिला बोहल्यावर नेलं. मी उठलो तेव्हा पहिली पंगत उठत होती. नात्यातला एक जण पान लावता लावता म्हणाला, "मामांनी सकाळीच घेतलेली दिसतीय." मी सुपारीसुद्धा खात नाही. ताई काहीच बोलली नाही. वाढता वाढता फक्त म्हणाली, "दादा, झोप झाली का?" लग्नाच्या अल्बममध्ये मी जेवतानाच्या एका फोटोत आहे, तोही पाठमोरा.

माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. सगळ्यांनी सांगितलं तेच मी केलं होतं. पण "हे सगळं मनाचे खेळ असतात, ठरवलं की होतं" असं लोकांना सांगत फिरणारा तेव्हाचा मी आज समोर आला तर त्याला चांगला फैलावर घेईन.

उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असते. म्हणजे साडेबाराच्या मुहूर्ताला तिथं पहाटेचे तीन वाजलेले. शरीरातलं मुख्य घड्याळ मेंदूत असतं, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, आणि त्याला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. रोज उठायच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं. तिथं मी साडेसहाला उठायचो, म्हणजे माझा तो तळ पहाटे चारच्या आसपास. सोलापुरात तेव्हा दुपारचे दीड. मला भर मे महिन्यात हुडहुडी भरली ती त्यामुळं.

आता खरी मेख. तळाच्या आधीच्या तासांत उजेड मिळाला तर घड्याळ मागं सरकतं, म्हणजे पुढच्या दिवशी झोप आणखी उशिरा येते. तळानंतरच्या तासांत मिळाला तर ते पुढं सरकतं, झोप लवकर येते. अमेरिकेहून आल्यावर मला घड्याळ पुढं न्यायचं असतं, आणि मी दीडच्या आधीचं सगळं ऊन डोळ्यांत भरून घेत होतो. म्हणजे रोज उलट्या दिशेनं ढकलत होतो.

त्यातून आपलं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा थोडं लांब. त्यामुळं उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमता जमत नाही. पुढं न्यायचं तर दिवसाला जेमतेम तासभर. म्हणून सुरुवात तिकडूनच करावी लागते. निघायच्या आधीचे तीन दिवस मी रोज तासभर लवकर झोपतो. साडेदहाऐवजी साडेनऊ, मग साडेआठ, मग साडेसात. उठणंही तसंच, शेवटी पहाटे साडेतीनला. उठल्या उठल्या स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावायचे आणि उजाडलं की बाहेर पडायचं. तिकडं उन्हाळ्यात रात्री आठलाही उजेड असतो, त्यामुळं संध्याकाळी पडदे आणि गॉगल. जावई समोर काही बोलत नाही, पण नातवंडं मला वटवाघूळ म्हणतात.

एवढ्यानं तळ चारवरून एकवर येतो. सोलापूरच्या घड्याळात साडेदहा. सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी इथं सोडते तेव्हा गॉगल डोळ्यांवर असतो तो यासाठी. घरी येऊन पडदे ओढून साडेदहापर्यंत झोपतो, मग गजर. त्यानंतर चारपर्यंत बाहेर. उन्हात नव्हे हो, लिंबाखाली. मोकळ्यावरच्या सावलीतही घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट उजेड असतो, त्यासाठी उष्माघात करून घ्यायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची साडेनऊला बाहेर येते, तिसऱ्या दिवशी साडेआठला. आठवडा संपता संपता मी तुमच्याबरोबर तळ्यावर असतो.

जमतंय की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. पेंगेची लाट किती वाजता येते ते बघायचं. ती रोज तासभर लवकर यायला लागली तर ठीक. काल दीडला आली आणि आज तीनला, तर सकाळचा उजेड कुठून तरी शिरतोय.

रात्रींचं मात्र सोंग आणता येत नाही. पहिल्या रात्री दोनला टक्क जाग येते आणि पोटात कावळे ओरडतात. तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाचटणी, तीही देवघरातल्या मिणमिणत्या दिव्यात. ट्यूबलाइट नाही, मोबाइल नाही, कारण ते तास तळाच्या आधीचे. मेलाटोनिनची गोळी योग्य वेळी घेतली तर घड्याळ पुढं सरकायला मदत होते, पण मी रक्त पातळ करायची गोळी घेतो. त्या दोघींचं पटेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलं.

आता आमची ही. ती यातलं काहीही करत नाही. रात्री तीनला उठून डबे घासते, दुपारी झोप आली की झोपते आणि दहा दिवसांनी ठणठणीत असते. "तुमचा आठवडा आणि माझे दहा दिवस, एवढ्यासाठी एवढा खटाटोप?" असं विचारते. साधी सहल असती तर मीही केला नसता. पण त्या दिवशी ही तयारी असती तर साडेबाराला माझ्या आत सकाळचे नऊ वाजलेले असते. हे तिला पटतं आणि पटतही नाही.

लेक आता सिएटलला गेलीय. तिथला फरक उन्हाळ्यात साडेबारा तासांचा. एवढं पुढं ओढण्यापेक्षा साडेअकरा तास मागं जाणं सोपं. म्हणजे निघताना रोज उशिरा झोपायचं, आणि आल्यावर तळ संध्याकाळी येणार असल्यानं सकाळपासूनचं सगळं ऊन फायद्याचं. तेव्हा पुढच्या वेळी आल्या आल्या पहाटे तळ्यावर दिसलो तर काकांनी खूळ सोडलं असं समजू नका. फक्त संध्याकाळी चहाला बोलावू नका, मी पेंगत असेन.