पावसात घामोळं येतंच कसं?

"डॉक्टर, मे महिन्यात घामोळं येतं हे समजू शकते. पण बाहेर धो धो पाऊस, हवा गार, आणि बाळाच्या पाठीवर हे लाल पुरळ! हे घामोळंच आहे का? आणि पावडर कुठली लावू?"

हो, बहुतेक वेळा ते घामोळंच असतं. आणि पावडर कुठलीच लावू नका.

फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात जूनच्या अखेरीपासून गणेश चवथीपर्यंत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. गार हवेत घामोळं कसं, हे आधी समजून घेतलं तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्याकडे जुलैत तापमान तिशीच्या आतच असतं, पण हवेत पाणी इतकं असतं की आर्द्रता 85 टक्क्यांच्या वरच रेंगाळते. मे महिन्यात घाम जास्त येतो, पण निदान थोडा तरी वाळतो. पावसाळ्यात आलेला घाम वाळतच नाही, तो कातडीवर तसाच बसून राहतो. आता घरातलं जुनं लाकडी दार आठवा. जुलैत ते फुगतं आणि चौकटीत अडकतं. तासन् तास ओल्या राहिलेल्या कातडीचं तसंच होतं. वरचा थर फुगतो आणि घाम बाहेर येण्याची बारीक छिद्रं मिटतात. कातडीवर एरवी निरुपद्रवी असणारे जंतू ओलाव्यात वाढतात आणि त्यांचा चिकट थर या छिद्रांवर बुचासारखा बसतो. आत घाम तयार होतच राहतो. बाहेर वाट नाही म्हणून तो कातडीच्या आतच झिरपतो, आणि तिथे टोचतं, खाजतं, लाल पुटकुळी येते. मोठ्यांपेक्षा लहानग्यांना हे जास्त होतं, कारण घामाच्या ग्रंथींची संख्या जन्मतःच ठरलेली असते. तेवढ्याच ग्रंथी बाळाच्या इवल्याशा अंगावर दाटीने बसलेल्या असतात. शिवाय बाळाच्या मानेला, काखेत, जांघेत वळ्या असतात आणि वळीत वारा शिरत नाही.

म्हणजे पावसाळ्यात आपल्याला लढायचं आहे ते ओलाव्याशी. नेमकी इथेच आपल्या मायेची गडबड होते. पाऊस म्हटलं की आपण बाळाला गुंडाळतो.

मागच्या जुलैतली गोष्ट सांगते. फोंड्याजवळच्या एका वाड्यावरून 14 महिन्यांच्या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या. चार रात्री मूल झोपलं नव्हतं. कुशीवरून कुशीवर वळायचं, पाठ गादीवर घासायचं, रडायचं. ताप नव्हता, खाणंपिणं ठीक होतं. मी त्याला टेबलावर ठेवून कपडे काढायला सांगितले. आधी बंद गळ्याचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट निघाला, त्याच्या आत बनियन, त्याच्या आत पावडरीचा थर. मानेच्या वळीत त्या पावडरीचा घामात भिजून चक्क लगदा झाला होता. ओल्या कापसाने तो अलगद काढला तेव्हा खालची कातडी लालभडक होती.

पाठ पाहिल्यावर मात्र सगळा उलगडा झाला. पुरळ सगळीकडे सारखं नव्हतं. खांद्यांपासून कमरेपर्यंत, जिथे पाठ गादीला टेकते तेवढ्याच भागात, टाचणीच्या टोकाएवढ्या लाल पुटकुळ्या दाटलेल्या होत्या. कमरेवर डायपरच्या इलॅस्टिकची रेघ होती आणि त्या रेघेवरही तशाच पुटकुळ्या. पोट जवळजवळ स्वच्छ, आणि तळहात, तळपाय, बोटांच्या बेचक्या एकदम स्वच्छ. घामोळं ओळखायचं ते असं. जिथे कपडा, गादी किंवा वळी अंगाला चिकटून राहते तिथेच ते उमटतं.

मग मी पुरळाविषयी विचारायचं सोडून घराविषयी विचारलं. मूल कुठे झोपतं? खिडकीजवळच्या पलंगावर. खिडकी उघडी असते का? नाही, पावसाची झड आत येते म्हणून बाहेरून निळं प्लास्टिक बांधलंय. गादीवर काय? रबरी शीट, त्यावर एक पातळ चादर. पंखा? अगदी हळू. इथे आजी मध्येच म्हणाल्या, "अगो बाय, वाऱ्यात उघडा ठेवला तर सर्दी होईल की त्याला!" कपडे कुठे वाळतात? त्याच खोलीत, दोरीवर. आणि आंघोळीनंतर पाठीला खोबरेल चोळून त्यावर पावडर, दिवसातून तीनदा.

यातली एकेक गोष्ट पोटच्या मायेने केलेली होती. पण सगळ्या मिळून त्या पाठीला चोवीस तास ओल्यात ठेवत होत्या. मी आजींचा हात धरून त्या मुलाच्या मानेमागे, कपड्याच्या आत ठेवला आणि म्हटलं, काय लागतंय सांगा. त्या म्हणाल्या, "ओलं आहे." बाळाला थंडी वाजतेय की उकडतंय हे हातापायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे हात ठेवायचा. कोमट आणि कोरडं असेल तर कपडे बरोबर आहेत. दमट लागलं तर एक कपडा कमी करायचा. सर्दी विषाणूंमुळे होते, पंख्याच्या वाऱ्याने नाही, हेही मी आजींना समजावून सांगितलं. पंखा तोंडावर थेट नको, बाजूने वाहू दे, पण नीट वाहू दे.

त्यांना मी घरी करायला सांगितलं ते असं. रबरी शीट काढून टाका. गादी भिजण्याची भीती असेल तर शीटवर जुनी सुती साडी चार-पाच पदरी करून घाला आणि दमट झाली की बदला. खिडकीवरचं प्लास्टिक खालून हातभर मोकळं सोडा, म्हणजे पाऊस आत येणार नाही पण हवा खेळेल. कपडे वाळत घालायची दोरी दुसऱ्या खोलीत न्या. पावसाळ्यात कपडे वाळल्यासारखे वाटतात पण शिवणीत आणि गळपट्टीत ओल राहते. अशा कपड्यावर इस्त्री फिरवा, पूर्ण गार होऊ द्या, मग घाला. अंगात एकच पातळ, सैल, बिनबाह्यांचं सुती झबलं. घरी असताना डायपर काढून सुती लंगोट, आणि जेवढा वेळ नुसतं ठेवता येईल तेवढं चांगलं.

आंघोळ दिवसातून दोनदा, कोमटाहून थोड्या गार पाण्याने. साबण एकदाच आणि सौम्य. बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतू नका, त्याने कातडी आणखी चिडते. अंग पुसताना चोळायचं नाही, मऊ सुती पंचाने टिपायचं, वळी अलगद उघडून आतूनही टिपायची. यानंतरची पायरी सगळे विसरतात. पुसलं की लगेच कपडे घालू नका. पंख्याखाली 10-15 मिनिटं उघडं खेळू द्या. पुसल्यावरही कातडीवर थोडी ओल उरते, ती वाऱ्यानेच जाते. तेल लावायचंच असेल तर आंघोळीच्या आधी थोडं लावा आणि धुऊन काढा. आंघोळीनंतर तेल लावलं की आधीच मिटलेल्या छिद्रांवर आणखी एक झाकण बसतं. घामोळं असेपर्यंत तर तेल नकोच.

पावडरीबद्दल एवढं हट्टाने सांगते त्याला दोन कारणं आहेत. ओल्या अंगावर ती कोरडेपणा आणत नाही, घाम पिऊन तिचा लगदा होतो आणि तो वळीत घासत राहतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. डबा शिंपडताना उडणारी बारीक भुकटी बाळाच्या श्वासातून फुप्फुसात जाते. थंडावा देणाऱ्या मेंथॉलच्या पावडरी तर लहान मुलांसाठी नाहीतच. खाज फार असेल तर कॅलमाइन लोशनचा पातळ हात दिवसातून दोनदा चालेल, फक्त ओरबाडलेल्या जागी आणि वळ्यांत नको. त्याने खाज शमते, बंद छिद्रं मात्र उघडत नाहीत. ती उघडतात कातडी कोरडी राहिली की, आपली आपण.

त्या आईने पर्समधून एक ट्यूबही काढली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली. तिच्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र होतं. अशी मिश्र मलमं बाळाच्या अंगावर लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोन दिवस लाली उतरते, म्हणून लावत राहावंसं वाटतं. पण त्यातलं तीव्र स्टेरॉइड कातडी पातळ करतं, आणि खाली बुरशी असेल तर ती दबून पसरते. मग आम्हालाही मूळ दुखणं ओळखता येत नाही. कधी कधी आम्ही सौम्य स्टेरॉइड देतो, पण ते तपासून आणि मोजक्या दिवसांसाठी.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. पुटकुळ्या सुकल्या होत्या, पाठीवर बारीक कोंड्यासारखी सालं सुटत होती आणि मूल रात्री झोपलं होतं. आठवड्याने मात्र फोन आला, पुन्हा थोडं उठलंय म्हणून. विचारलं तर कळलं की आई-बाबा त्याला रोज स्कूटरवर मामाकडे नेत होते, दोघांच्या मध्ये, वरून रेनकोट झाकून, जाऊन-येऊन पाऊण तास. लाली गेली म्हणजे छिद्रं पूर्ण मोकळी झाली असं नसतं. त्यांना पूर्ववत व्हायला कधी दोन आठवडेही लागतात आणि तेवढ्यात अंग पुन्हा घुसमटलं की घामोळं परत येतं. उतरल्याबरोबर रेनकोट काढायचा, अंग टिपायचं आणि कोरडं झबलं घालायचं, एवढं केल्यावर ते थांबलं.

चांगली काळजी घेऊनही तीन-चार दिवसांत उतार दिसला नाही, तर ते घामोळं नसेल. जांघेत ओलसर, चकाकणारी लाली आणि तिच्या कडेला सुटे लाल ठिपके दिसले तर ती बुरशी असते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, तळपायावर पुरळ असेल, रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खरजेचा संशय घ्यायचा. पुटकुळ्यांत पिवळा पू धरला, मधासारखी खपली आली, जागा सुजून गरम लागली, किंवा पुरळासोबत ताप आला, तर तीन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

निघताना त्या आजींनी दारातून वळून विचारलं, "आणि चवथीला? त्याच्यासाठी जरीचा कुर्ता शिवायला टाकलाय." मी सांगितलं, आत पातळ सुती बनियन घालून आरतीपुरता घाला, फोटो काढा. नैवेद्याची पानं मांडेपर्यंत पुन्हा झबल्यावर आणा. गणपतीवर फळंफुलं बांधलेल्या माटोळीखाली माणसांची दाटी असते, समया पेटलेल्या असतात, आणि पावसात वीज गेली तर पंखाही बंद. हातपंखा जवळ ठेवा, आणि मधून मधून मानेमागे हात लावून बघा.