गॅपबद्दल कव्हर लेटरमध्ये मी काय लिहिलं (सांगली)

मी कुपवाडला एका कारखान्यात अकाउंट्सला होते, 2019 ला सासूबाईंना पॅरालिसिस झाला आणि नोकरी सोडली. 2024 मध्ये परत अर्ज करायला घेतला तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, अगं जुन्या नोकरीची तारीख जरा पुढं ओढ की, कोण बघतंय. पण बघतात हो! जॉइन होताना पीएफचा फॉर्म 11 भरावा लागतो, त्यात आधीची नोकरी कधी सोडली ते लिहायचं असतं आणि यूएएनवर ती तारीख आधीच पडलेली असते. म्हणजे बायोडाटात एक आणि पीएफमध्ये दुसरं, हे पहिल्याच आठवड्यात उघडं पडणार.

मग ठरवलं खरंच लिहायचं, पण थोडक्यात. पहिल्या परिच्छेदात गॅप नाही, तिथं कामाचंच लिहिलं, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटी रिटर्न वगैरे. दुसऱ्यात हे एवढंच:

"2019 ते 2024 घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या आजारपणामुळे मी नोकरी करत नव्हते, देखभाल माझ्याकडे होती. आता दिवसभरासाठी मदतनीस ठेवली असल्याने पूर्णवेळ येऊ शकते."

आजाराचं नाव नाही, क्षमस्व नाही, "दुर्दैवाने" पण नाही. माझ्या मते दुसरं वाक्य जास्त कामाचं, कारण मालकाला पाच वर्षं काय केलं यापेक्षा ही दोन महिन्यात परत सोडून जाईल का याचीच धास्ती असते. घर सांभाळून मॅनेजमेंट शिकले असलं काही लिहिलं नाही, अकाउंट्सवाला माणूस ते वाचतच नाही.

त्याला खरी शंका वेगळीच असते, हिला आताचं काम येतं का. मी सोडलं तेव्हा टॅली ईआरपी 9 होतं, आता टॅलीप्राइम आहे, 2020 मध्ये जीएसटीआर 2बी आलं, आणि ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागू झालं. म्हणून विश्रामबागेत ओळखीच्या टॅक्सवाल्यांकडे संध्याकाळी बसत होते, खरेदीची बिलं 2बीशी जुळवायची, सप्लायरने बिल चढवलंच नसेल तर त्याला फोन करायचा. पत्रात ते "शिकण्यासाठी, बिनपगारी" असंच लिहिलं. तिथं कन्सल्टंट लिहायचा सल्ला पण मिळाला होता, पण मग पगार किती होता विचारलं तर काय सांगायचं?

मिरजेतून बोलावणं आलं. गॅपवर एकच प्रश्न, मार्च एंडिंगला उशीर झाला तर घरी कोण? म्हटलं आठपर्यंत बाई थांबतात, त्यानंतर मिस्टर असतात. त्यांनी मान हलवली आणि टॅली उघडून एक क्रेडिट नोट टाकायला सांगितली.