बेरीज चुकली, स्कोअर नाही

“तुमच्या पीडीएफमधल्या यादीची बेरीज दोन हजारांनी जास्त येतेय.” सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या वसुली विभागातून बाईंचा फोन आला. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, “बाई, पान न् पान सॉफ्टवेअरनं तपासलंय, तुम्ही मूळ कागद बघा.” मूळ कागद त्यांच्या समोरच होता, शेजारी कॅल्क्युलेटर.

जुनी दप्तरं स्कॅन करणं हा आमचा धंदा. पान ३०० डीपीआयला स्कॅन करायचं, काळी-पांढरी टिफ बनवायची, जेबिग-२ या काळ्या-पांढऱ्या पानांची फाइल लहान करणाऱ्या पद्धतीनं ती दाबून पीडीएफ करायची आणि दाबलेलं पान टिफशी किती जुळतं ते एसएसआयएम हा सारखेपणाचा आकडा काढून बघायचं. ०.९५ च्या वर असेल तर पास. ही ०.९५ ची रेघ कुणी मारली ते ऑफिसात कुणालाच माहीत नाही. बाईंच्या पानाला ०.९८ मिळाले होते.

टिफ उघडून दोन्ही पानं शेजारी लावली. एका कर्जदाराच्या नावापुढे टिफमध्ये 6,540 होते आणि पीडीएफमध्ये 8,540. ठसा पुसट वगैरे काही नाही. अगदी स्वच्छ, ठसठशीत 8!

चूक जेबिग-२ च्या एका सोयीची होती. सारखी दिसणारी अक्षरं तो एकदाच साठवतो आणि तोच ठसा पानभर वापरतो. डॉट मॅट्रिक्सवर छापलेला थोडा भरलेला 6 त्याला 8 चा भाऊ वाटला. २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञानं फोटोकॉपी यंत्रांमधली नेमकी हीच गोष्ट उघडकीला आणली होती. मी ते वाचलंही होतं. पण ती दुसऱ्याच्या यंत्राची भानगड वाटली होती.

मला जास्त लागलं ते ०.९८ चं. एसएसआयएम ही पद्धत २००४ मध्ये वांग, बोविक, शेख आणि सिमोन्चेली यांनी मांडली. चित्रावरून एक छोटी खिडकी सरकवत न्यायची, आमच्याकडे ती ७ बाय ७ पिक्सेलची आहे. दोन्ही चित्रांत त्या जागी सरासरी उजेड किती, काळ्या-पांढऱ्यातला फरक किती आणि चढउतार एकाच ताला-सुरात होतात का, एवढं बघायचं. तंतोतंत जुळलं तर १. शेवटी सगळ्या खिडक्यांची सरासरी काढायची. आमच्या सरांना ०.९८ म्हणजे शंभरातली अठ्ठ्याण्णव अक्षरं बरोबर असं वाटतं, आणि ग्राहकालाही ते तसंच सांगतात. अक्षर काय असतं हे त्या आकड्याला ठाऊकच नाही.

मग हिशोब मांडून बघितला. ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८, साधारण ८७ लाख पिक्सेल, आणि जवळजवळ तेवढ्याच खिडक्या. तो आकडा २० बाय ३० पिक्सेलचा. त्याला स्पर्श करणाऱ्या खिडक्या २६ गुणिले ३६, म्हणजे ९३६. त्या सगळ्यांना शून्य दिलं तरी सरासरी जेमतेम ०.०००१ नं घसरते. आणि शून्य मिळतच नाही, कारण 6 आणि 8 यांचा बराचसा भाग एकच. शिवाय पानाचा मोठा भाग कोरा. कोऱ्यावर कोरं ठेवलं की सूत्रातून सरळ १ येतो, म्हणजे समासच मार्क मिळवून देतो.

त्याच गठ्ठ्यातलं दुसरं एक पान ०.८७ ला नापास झालं होतं. ते दोन पिक्सेल उजवीकडे सरकलं होतं, बाकी अक्षर न् अक्षर बरोबर. ते आम्ही इमानदारीनं पुन्हा स्कॅन केलं!

आता सरासरीऐवजी नकाशा काढतो. `a` म्हणजे टिफचं पान, `b` म्हणजे पीडीएफचं, दोन्ही ० ते २५५ च्या छटांत:

```python
from skimage.metrics import structural_similarity

s, m = structural_similarity(a, b,
    full=True, data_range=255)
```

`m` मध्ये प्रत्येक जागेचा स्कोअर मिळतो. त्यातली किमान किंमत बघून भागत नाही. धुळीचा एक ठिपका गेला तरी ती कोसळते. म्हणून रकमांच्या रकान्यातला एकेक आकडा चौकटीत घेऊन त्याची वेगळी सरासरी काढतो आणि सगळ्यात खालच्या चौकटी डोळ्यांनी बघतो. तिथंही पुसट पण खरा 6 कधी कधी खोट्या 8 पेक्षा खाली येतो. शेवटी जेबिग-२ चा तो ठसे-वापर बंद करून पिक्सेल न् पिक्सेल जपणारा बिनतोट्याचा प्रकार चालू केला. फाइली फुगल्या, सर कुरकुरले.

बाईंच्या गठ्ठ्यात आणखी तीन पानं सापडली. पण त्याआधीच्या दोन संस्थांच्या टिफ जागा वाचवायला आम्ही पास होताच पुसल्या होत्या, आणि त्यांचे कागद रद्दीत गेलेत. ज्या याद्यांच्या तळाशी बेरीज छापलेली आहे, तेवढ्याच मी कॅल्क्युलेटर घेऊन जुळवतोय. बेरीज नसलेल्या याद्या निम्म्याहून जास्त आहेत.