तुम्ही विचारलंत म्हणून: ‘करण्यात आले’, पण कोणी केलं?

*“तुम्ही प्रत्येक अहवाल एक तृतीयांश कमी करून मागता, वर मुद्दा एकही गाळायचा नाही म्हणता. मग कापायचं तरी काय?”*

स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो. खालचा परिच्छेद एका कार्यकर्त्याने पाठवला होता. गाव ओळखू येईल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

“सदर प्रकल्पांतर्गत गावातील पिण्याच्या पाणीपुरवठा व्यवस्था देखभाल दुरुस्ती समितीची स्थापना करण्यात आली असून, सदर समितीमार्फत दर महिन्याला टाकी साफसफाईचे काम अत्यंत नियमितपणे करण्यात येत आहे. तसेच पाणी गुणवत्ता तपासणी प्रशिक्षण प्रामुख्याने महिला सदस्यांना देण्यात आले असून, त्यांच्याकडून पाण्यातील क्लोरीनच्या प्रमाणाची तपासणी करण्यात येते व त्याची नोंद वहीमध्ये ठेवण्यात येते. यामुळे पावसाळ्यातील जुलाबाच्या रुग्णसंख्येमध्ये खऱ्या अर्थाने लक्षणीय प्रमाणात घट झाल्याचे दिसून आले आहे.”

हे 62 शब्द झाले. मी सुरुवात नेहमी ‘करण्यात आले’पासून करतो. कॉम्प्युटरवर ‘ण्यात’ शोधायला सांगितलं की करण्यात, देण्यात, ठेवण्यात असे सगळे एका झटक्यात पिवळे होतात. अर्थात पुण्यात, ठाण्यात आणि पाण्यातही पिवळे होतात. अहवाल पाण्याचा असला तर पान हळदीत बुडवल्यासारखं दिसतं, पण तेवढं डोळ्यांनी वगळता येतं.

इथे एक घोळ आधीच निस्तरतो. शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोग टाळा, असं मी सांगत नाही. ‘समितीने टाकी धुतली’ हाही कर्मणीच आहे आणि ते चोख मराठी वाक्य आहे. त्यात धुणारा दिसतो. ‘टाकी धुण्यात आली’मध्ये तो गायब होतो, तक्रार तेवढीच. म्हणून पिवळ्या झालेल्या प्रत्येक जागी एकच प्रश्न: कोणी?

वरच्या परिच्छेदात असे पाच ‘ण्यात’ आहेत. समिती कोणी नेमली? कार्यकर्ता म्हणाला, ग्रामसभेने. टाकी कोण धुतं? “समिती.” म्हणजे समितीतलं कोण टाकीत उतरतं? फोनवर जरा शांतता, मग हसू. धुतो तो गावात पाणी सोडणारा कर्मचारी, समितीतले लोक समोर उभे असतात. म्हणजे मूळ वाक्य लांब होतं आणि शिवाय पुरतं खरंही नव्हतं. प्रशिक्षण कोणी दिलं? “आम्हीच.” मग आम्ही म्हणा की! स्वतःच्या कामातून स्वतःला वगळण्याची ही सवय सरकारी पत्रव्यवहारातून आली असावी असा माझा कयास आहे.

कर्ता परत आणला की एखादा शब्द वाढतो, पण मराठीत तो वसूल होतो. कर्ता एकच असेल तर दोन कामं ‘ऊन’ लावून ओवता येतात. ‘तपासणी करण्यात येते व त्याची नोंद वहीमध्ये ठेवण्यात येते’ या सगळ्याचं ‘मोजून वहीत लिहितात’ होतं. एका पळवाटेवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. कापायची घाई झालेला माणूस ‘साफसफाई करण्यात आली’चं ‘साफसफाई झाली’ करून मोकळा होतो. वाक्य आखूड होतं खरं, पण धुणारा अजून बेपत्ताच असतो.

दुसरा अडथळा नामांच्या आगगाडीचा. ‘पाणीपुरवठा व्यवस्था देखभाल दुरुस्ती समिती’ यात एकाही डब्याला विभक्ती नाही, ती लागते थेट शेवटच्या ‘समितीची’ला. मराठी शब्द एकमेकांशी काय नात्याचे आहेत ते विभक्तीच सांगते. ती काढली की वाचणाऱ्याने अंदाज बांधायचे. दुसऱ्या एका अहवालात ‘जुनी शाळा इमारत दुरुस्ती समिती’ होती. शाळा, इमारत, दुरुस्ती, समिती चारही स्त्रीलिंगी, तेव्हा जुनी नेमकी कोण, हे व्याकरणालाही सांगता येत नाही.

अशी माळ मी मागून सोडवतो. समिती कशासाठी? देखभाल आणि दुरुस्तीसाठी. म्हणजे काय करण्यासाठी? व्यवस्था सांभाळण्यासाठी. इथे क्रियापद सापडलं की थांबायचं, कारण देखभाल आणि दुरुस्ती दोन्ही ‘सांभाळायला’मध्ये आली. नुसते ‘चा-ची-चे’ चिकटवून माळ तशीच ठेवली तर शब्द तेवढेच राहतात आणि ‘च्या’ची रांग लागते. योजनेचं अधिकृत नाव असेल तर त्याला हात लावत नाही. ते एकदा पूर्ण लिहायचं, पुढे ‘योजना’ म्हणायचं.

अत्यंत, प्रामुख्याने, खऱ्या अर्थाने, लक्षणीय वगैरे मी शेवटी बघतो, कारण तोवर बरेचसे आपोआप गळलेले असतात. ‘दर महिन्याला’ लिहिल्यावर ‘अत्यंत नियमितपणे’ने नवीन काय सांगितलं? ‘प्रामुख्याने’बद्दल विचारलं तर कळलं, बोलावलं सगळ्यांना होतं, आल्या त्या महिलाच. ‘लक्षणीय’वर आमची थोडी झकाझकी झाली. किती, हे तुला कुठून कळलं? आरोग्य उपकेंद्राच्या नोंदीतून. मग नोंदीचं नाव घे, आकडे तक्त्यात दे. त्याच ओघात ‘यामुळे’ही काढायला लावलं. यंदा रुग्ण कमी झाले एवढं नोंद सांगते. ते टाकी धुतल्याने झाले की पाऊसच कमी पडल्याने, हे ती सांगत नाही.

शेवटी उरलं ते असं:

“पिण्याच्या पाण्याची व्यवस्था सांभाळायला ग्रामसभेने समिती नेमली. गावात पाणी सोडणारा कर्मचारी दर महिन्याला समितीसमोर टाकी धुतो. समितीतल्या महिलांना आम्ही पाणी तपासायला शिकवले. त्या नळाच्या पाण्यातले क्लोरीन मोजून वहीत लिहितात. आरोग्य उपकेंद्राच्या नोंदीत पावसाळ्यातले जुलाबाचे रुग्ण यंदा कमी दिसतात.”

हे 38 शब्द. तृतीयांशाहून जास्तच गेले, आणि ग्रामसभा, पाणी सोडणारा, उपकेंद्र ही तीन माणसं-ठिकाणं नव्याने आली.

सगळीकडे हे चालत नाही. सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव मंजूर करण्यात आला’ मी तसंच ठेवतो, कारण तिथे करणारी अख्खी सभा आहे आणि ती वर एकदा नोंदलेली असते. करणारा खरोखर माहीत नसेल, किंवा त्याचं नाव छापल्याने कुणाला त्रास होणार असेल, तर तो झाकलेलाच बरा. ‘सुमारे’लाही सरसकट हाकलू नका. टाकीची क्षमता अंदाजाने सांगितली असेल तर ‘सुमारे’ तिथे हवंच. ‘सुमारे 40 ते 45 हजार लिटरच्या आसपास’ असेल तर तीन अंदाजांपैकी एक ठेवायचा.

तृतीयांशाचा हट्टही सगळ्यांशी धरत नाही. ज्यांनी आधी तोंडी सांगून मग लिहून काढलेलं असतं, त्यांच्या मजकुरात एवढी चरबी नसते. तिथे दहातला एखादा शब्द निघतो आणि मी तेवढ्यावर पेन ठेवतो.