लंबकाने अडवलेले तीन गुरुवार

प्रिय मित्रा,

बारावीनंतर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतोयस, तेव्हा काय वेगळे असते, असे तू विचारले होतेस. प्रवेश, वेळापत्रक आणि व्याख्याने यांत मला फारशी अडचण आली नाही. मी अडकले ती प्रॅक्टिकलच्या जर्नलवरील एका सहीपाशी, आणि तेही तीन आठवडे. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

प्रयोग होता बार पेंडुलमचा. सुमारे एक मीटर लांबीची, ठरावीक अंतरावर भोके असलेली धातूची पट्टी एकेका भोकात नाइफ एजवर टांगायची, वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून g काढायचा. शाळेत आपण दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याचे सूत्र पाठ केलेले असते, त्यामुळे लांबी कमी झाली की आंदोलन जलद होणार, हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते. इथे मात्र टांगण्याचा बिंदू पट्टीच्या गुरुत्वमध्याकडे सरकवताना आवर्तकाल आधी कमी झाला आणि साधारण २९ सेंटिमीटरच्या आत गेल्यावर पुन्हा वाढू लागला. उपकरण बिघडले असावे, असे समजून मी लॅब असिस्टंट काकांना बोलावले. त्यांनी पट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही, नुसते हसले. आवर्तकालाचे सूत्र असे आहे:

T = 2π√((k² + h²)/(gh))

यात h म्हणजे गुरुत्वमध्यापासून टांगण्याच्या बिंदूचे अंतर आणि k म्हणजे पट्टीची परिभ्रमण त्रिज्या. h फार लहान झाला की छेद लहान होतो, पण अंशातला k² तसाच राहतो, म्हणून काळ वाढतो. सूत्र पाठ असूनही त्याचा आलेख कसा दिसेल, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

खरी अडचण पुढे होती. आवर्तकाल आणि h यांच्या आलेखावर आडवी रेषा मारून तुल्य लांबी, म्हणजे तेवढाच आवर्तकाल असलेल्या साध्या लंबकाची लांबी, ६३.५ सेंटिमीटर मिळाली, कोष्टकातून त्या रेषेचा आवर्तकाल १.५२ सेकंद निघाला, आणि g आला १०.८५. सरांनी लाल शाईने ‘पुन्हा करा’ एवढेच लिहिले. काय चुकले, ते लिहिले नाही. आमची प्रयोगशाळा आठवड्यातून एकदाच, गुरुवारी असे. म्हणजे प्रत्येक ‘पुन्हा’ची किंमत एक आठवडा. दुसऱ्या गुरुवारी मी प्रत्येक भोकासाठी तीन-तीन रीडिंग घेतली, ती एकमेकांशी ०.२ सेकंदांच्या आत जुळली, आणि उत्तर पुन्हा १०.८ च्या आसपास आले. रीडिंग छान जुळतात म्हणजे ती बरोबर आहेत, हा माझा समज इथे मोडला. बारावीत आम्ही सरळ ९८० येईल अशी रीडिंग उलट दिशेने भरत असू (तूही भरली असशीलच), त्यामुळे चूक शोधण्याची सवयच नव्हती.

तिसऱ्या गुरुवारी, निव्वळ वैतागून, मी एकाच भोकासाठी आधी वीस आणि मग चाळीस आंदोलने मोजली. वेळ आला ३०.४ आणि ६२.४ सेकंद. पहिल्याला वीसने भागले तर १.५२ आणि दुसऱ्याला चाळीसने भागले तर १.५६, एकाच पट्टीचे दोन आवर्तकाल कसे असतील? दोन वेळांमधला फरक ३२.० सेकंद, वीसने भागून १.६०. तेव्हा उलगडा झाला. स्टॉपवॉच दाबताना मी ‘एक’ म्हणत होते, म्हणून वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलने पूर्ण होत. सुरुवातीला ‘शून्य’ म्हणायला हवे होते. सगळे काळ सारख्याच प्रमाणात कमी झाल्यामुळे आलेखाचा आकार बिघडला नाही आणि तुल्य लांबीही बदलली नाही. फक्त T पाच टक्के कमी झाला, आणि g च्या सूत्रात T चा वर्ग छेदात असल्याने उत्तर जवळजवळ अकरा टक्के वाढले. १.६० घालून g ९.७९ आला. हे मी स्वतः शोधले, याचा मला अजून अभिमान वाटतो. सरांनी एक वाक्य लिहिले असते तर दोन आठवडे वाचले असते, हेही तितकेच खरे.

तरी ९.७९ असे नुसते लिहू नकोस. बोटाच्या विलंबाचे ०.२ सेकंद बत्तीस सेकंदांत सुमारे ०.६ टक्के होतात, वर्गामुळे त्याचे सव्वा टक्का. आलेखावरून लांबी वाचताना अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर आणखी पाऊण टक्का. म्हणून प्रामाणिक उत्तर ९.८ ± ०.२ एवढेच. कॅल्क्युलेटरवर दिसणारे पुढचे आकडे उतरवलेस तर तोंडी परीक्षेत नेमके त्यावरच बोट ठेवले जाईल.

आधीच सांगायला हवे होते ते आता आठवले: आलेख घरी नेऊन काढू नकोस, तिथेच पेन्सिलीने बिंदू टाकत जा, म्हणजे एखादे भोक चुकले तर पट्टी टांगलेली असतानाच कळेल. आणि चुकलेले पान फाडू नकोस. माझ्या जर्नलमध्ये १०.८५ चे पान आडवी रेघ मारून तसेच आहे, आणि सही त्याच्या पुढच्या पानावर आहे.

तुझी,
एक वर्ष पुढे असलेली मैत्रीण