तुम्ही विचारलंत म्हणून: केसांच्या गमीबद्दल खरं किती बोलता येतं?

“ताई, तुम्ही सप्लिमेंटच्या रीलची स्क्रिप्ट लिहिता. सगळे नियम पाळले, खोटं काही बोललं नाही, तर मग बोलायला उरतं तरी काय?”

उरतं, आणि बरंच उरतं. फक्त ते कंपनीच्या ब्रीफमध्ये, म्हणजे जाहिरातीसाठी तिने पाठवलेल्या सूचनांत, नसतं, डब्याच्या मागच्या बाजूला असतं. म्हणून मी ब्रीफ नंतर वाचते. आधी लेबलचा फोटो मागवते, समोरचा आणि मागचा, अक्षरं वाचता येतील असा.

केसांसाठीच्या बायोटिन गमीचंच, म्हणजे चघळून खायच्या वडीचंच, उदाहरण घेते, कारण सध्या सगळ्यात जास्त कामं त्याचीच येतात. चाळीस सेकंदांची रील. कंपनीकडून आलेला मजकूर साधारण असा असतो: “केस गळताहेत? फक्त 30 दिवसांत केसगळती बंद! डॉक्टरांनी सुचवलेली, शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.” त्यानंतर एक तरुण आई कॅमेऱ्यात बघून सांगते, “बाळंतपणानंतर माझे केस नुसते हातात यायचे. तीन महिने ही गमी खाल्ली आणि आता बघा!”

यातलं काय राहील ते ठरवायचं तर बायोटिन शरीरात करतं काय ते माहीत हवं. ते ब गटातलं जीवनसत्त्व आहे. त्याची खरीखुरी कमतरता झाली तर केस गळतात, अंगावर पुरळ येतं. पण अशी कमतरता फार क्वचित दिसते. शेंगदाणे, डाळी, अंडी यांतून आपल्याला ते मिळत असतं, आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतं साधारण तीस-चाळीस मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अगदी सूक्ष्म अंश. दीर्घकाळ कच्च्या अंड्याचा पांढरा बलक खाणारे, फिट्सची काही औषधं घेणारे, जन्मजात दोष असलेली मुलं अशा मोजक्यांनाच ते कमी पडतं. ज्याला कमतरता नाही त्याने जादा बायोटिन घेतलं तर केस वाढतात, याला भक्कम पुरावा नाही. म्हणजे “केसगळती बंद” गेलं. उरलं ते हे: “बायोटिन केस आणि त्वचा निरोगी राखायला मदत करतं.” युरोपीय संघाच्या 2012 च्या मान्य दाव्यांच्या यादीतही बायोटिनसाठी जवळपास एवढंच वाक्य आहे. यात कर्ता बायोटिन आहे, गमी नाही, आणि “तुमचे केस” तर नाहीतच. मी हे वाक्य बिनदिक्कत लिहिते, कारण ते खरं आहे.

आता 30 दिवस. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. जो केस आज कंगव्यात आला, त्याच्या मुळाने विश्रांतीची अवस्था दोन-तीन महिन्यांपूर्वीच धरलेली असते. त्यामुळे आज खाल्लेल्या कशाचाही परिणाम महिन्याभरात कंगव्यात दिसणं शक्य नाही. हे गणित मी कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांना फोनवर सांगते आणि बहुतेकांना ते लगेच पटतं. नियमाचा बडगा दाखवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

सगळ्यात अवघड भाग त्या आईचा. तिला गप्प बसवणं मला आवडत नाही, कारण ती खोटं बोलत नसते. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळतात. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते एकदम सुटतात. मग काही महिन्यांत गळणं आपोआप कमी होतं, आणि बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेक जणींचे केस पूर्ववत झालेले असतात. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या ऑपरेशननंतरही असंच होतं. म्हणजे गमी सुरू केली तेव्हा गळणं शिखरावर होतं, आणि तीन महिन्यांनी ते तसंही ओसरणारच होतं. तिचा अनुभव शंभर टक्के खरा, पण तो गमीचा पुरावा नाही. बघणाऱ्या बाईला मात्र तो पुरावाच वाटतो. आणि बघणारी कोण असते? रात्री दोन वाजता बाळाला पाजताना मोबाइल बघणारी, उशीवरचे केस मोजणारी बाई. तिच्या घाबरण्यावर धंदा करायचा नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलंय.

शिवाय बाळाला पाजणारी बाई कोणतंही सप्लिमेंट सुरू करणार असेल तर तिने आधी डॉक्टरांना विचारायला हवं. म्हणून त्या आईला मी जे खरोखर तिचं आहे ते बोलू देते: चव कशी आहे, गोळी गिळायला नको वाटायची म्हणून गमी बरी पडली, जेवणानंतर खायची सवय कशी लागली. आधीचा आणि नंतरचा फोटो नाही. केस वाऱ्यावर उडवणारं दृश्यही नाही, कारण चित्रानेही दावा होतो.

“डॉक्टरांनी सुचवलेली” हे एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नाचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, चौकटीत बसत नाही. वैद्यकीय व्यवसायाची शिफारस सुचवणारे शब्द अन्नाच्या लेबलवर चालत नाहीत, आणि सप्लिमेंट हे कायद्याने अन्न आहे. डब्यावर “औषधी वापरासाठी नाही” अशा अर्थाची सूचना असतेच. औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये तर टक्कल आणि नवीन केस उगवणं यांबद्दल औषधालाही बरं करण्याचा दावा करता येत नाही. जे औषधाला म्हणता येत नाही ते गमी कशी म्हणेल? पांढरा कोट घातलेला नटही मी काढून टाकते. खरे डॉक्टर बोलणार असतील तर त्यांची पात्रता पडद्यावर दिसली पाहिजे.

“साइड इफेक्ट शून्य” यावर मी जरा थांबते, कारण बायोटिनच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. बायोटिनचे मोठे डोस रक्ताच्या काही चाचण्यांमध्ये घोळ करतात. थायरॉइडच्या चाचण्या चुकीच्या येऊ शकतात, आणि हार्ट अटॅक ओळखायला करतात ती ट्रोपोनिनची चाचणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून डोस मिलिग्रॅममध्ये असेल, तर “रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा” हे वाक्य मी रीलमध्ये घालतेच. कंपनीला सुरुवातीला ते नको असतं. पण तीच ओळ ऐकून लोक म्हणतात, हे लोक खरं बोलताहेत. “नैसर्गिक”ही जातं, कारण सप्लिमेंटमधलं बायोटिन बहुधा कारखान्यात तयार केलेलं असतं. साखर किती आहे तेही लेबल बघून सांगते. गमी म्हणजे शेवटी गोड वडी आहे, मधुमेह असलेल्यांना ते कळलं पाहिजे.

मग रील अशी उरते:

“केसगळतीची कारणं खूप असतात. ताप, बाळंतपण, रक्त कमी असणं, थायरॉइड. गळणं वाढलंय, टाळूवर चट्टे पडताहेत किंवा पाळीत रक्त जास्त जातंय, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बायोटिन केस आणि त्वचा निरोगी राखायला मदत करतं. एका गमीत किती, ते लेबलवर बघा. मला स्ट्रॉबेरीची चव आवडली आणि गोळी गिळावी लागत नाही. रक्त तपासणीच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबला नक्की सांगा. हे औषध नाही. समतोल आहाराच्या जागी घेऊ नका.”

सावकाश वाचलं तरी चाळीस सेकंदांत बसतं. विकलं जातं का? ज्यांना गमीची गरज नाही असे लोक कमी येतात, आणि जे येतात ते महिन्याने पैसे परत मागत नाहीत. बहुतेक कंपन्यांना हे कळायला दोन-तीन महिने लागतात. ज्यांना कळत नाही त्या दुसरा लेखक शोधतात, आणि ते मला मान्य आहे.

पडद्यावरचा मजकूरही तितकाच महत्त्वाचा. पैसे घेऊन केलेली रील असेल तर “जाहिरात” हा शब्द दिसलाच पाहिजे. आस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेच्या इन्फ्लुएन्सर नियमांनुसार पंधरा सेकंद ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत तो किमान एक तृतीयांश वेळ राहायला हवा. म्हणजे चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये साधारण चौदा सेकंद. दोन मिनिटं किंवा त्याहून मोठा व्हिडिओ असेल तर ब्रँडचा उल्लेख चालू आहे तोवर. आणि सूचना दाव्याच्या भाषेतच हवी, असं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. दावा मराठीत बोलायचा आणि सूचना खाली बारीक इंग्रजीत सोडायची, हे चालत नाही. त्याच तत्त्वांत आणखी एक गोष्ट आहे: चुकीचा दावा सूचनेने दुरुस्त होत नाही. “30 दिवसांत केसगळती बंद” म्हणून खाली “परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात” लिहिलं तरी दावा चुकीचाच राहतो.

दंडाचं विचारता म्हणून तेही सांगते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला आणि जाहिरात करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा झालं तर 50 लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्यावर वर्षभर जाहिरात न करण्याची बंदीही येऊ शकते. पण ज्याने दावा तपासायला योग्य काळजी घेतली त्याला कायद्यात सवलत आहे. म्हणून मी प्रत्येक रीलची एक फाइल ठेवते: लेबलचे फोटो, चौदा आकडी परवाना क्रमांक, लॅबचा रिपोर्ट, आणि स्क्रिप्टमधल्या प्रत्येक वाक्यासमोर त्याचा आधार. आधार सापडत नाही ते वाक्य कितीही छान असलं तरी कापते. रीलमध्ये बोलणाऱ्या मुलीलाही ती फाइल पाठवते. चेहरा तिचा आहे.

रील अपलोड झाली की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. पण थंबनेलवर कंपनीची मुलं “टक्कल? आता विसरा” टाकतात, कॅप्शनला “नवे केस” हॅशटॅग लावतात, आणि खाली कोणी विचारलं “माझा थायरॉइड आहे, चालेल का?” तर तिथेच उत्तर देतात, “हो ताई, बिनधास्त घ्या.” हे सगळे दावेच आहेत, आणि शेवटचा तर थेट एका आजारी माणसाला दिलेला. त्यामुळे मी आता स्क्रिप्टसोबत थंबनेलची ओळ, कॅप्शन आणि ठरावीक उत्तरांचं एक पानही देते. थायरॉइडच्या प्रश्नावर त्यातलं उत्तर असं आहे: “तुमची गोळी आणि तपासण्या चालू असतील, तर गमी सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.”